पासपोर्टवर जसं, अर्जात तसंच

मीरा-भाईंदरच्या हाटकेशमध्ये परदेशी शिक्षणाची किंवा नोकरीची तयारी करणारी मुलं आता जवळपास प्रत्येक सोसायटीत दिसतात. आयईएलटीएसचा अभ्यास ती महिनोन्‌महिने करतात. अर्ज मात्र रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर पंधरा मिनिटांत भरून टाकतात, किंवा उद्योगनगरजवळच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात बसून भरून घेतात. या पंधरा मिनिटांत नाव किंवा नंबर चुकला, तर परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या दारातून परत फिरावं लागू शकतं आणि फीचे पैसेही जातात. म्हणून हा अर्ज कसा भरायचा ते एकेक पायरी घेऊन पाहू.

आयईएलटीएस ही इंग्रजीची चाचणी. परदेशी विद्यापीठं आणि व्हिसा कार्यालयं तिचा निकाल ग्राह्य धरतात. भारतात २०२१ पासून ती फक्त आयडीपी ही संस्था घेते. भारतीय नागरिकाला इथे ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो. आधार, पॅन किंवा वाहन परवाना चालत नाही. त्यामुळे अर्जात आपलं नाव काय लिहायचं, हे फक्त पासपोर्टवरून ठरतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर किंवा बँकेच्या पासबुकात काय आहे, याचा इथे संबंध येत नाही.

पहिली पायरी अर्ज उघडण्याच्या आधीची आहे. मूळ पासपोर्ट कपाटातून काढून समोर ठेवा. फोनमधला जुना फोटो नको, झेरॉक्सही नको. झेरॉक्समध्ये 8 आणि 3 सारखे दिसतात, आणि फोटो कधीकधी आधीच्या, रद्द झालेल्या पासपोर्टचा निघतो. पासपोर्टची मुदत कधी संपते तेही याच वेळी बघून घ्या. परीक्षेच्या दिवशी तो चालू असायलाच हवा. पुढे व्हिसासाठीही तोच लागणार असतो.

आता फोटोचं पान उघडा. त्यावर नाव दोन ओळींत छापलेलं असतं. वर Surname, म्हणजे आडनाव, आणि खाली Given Name(s), म्हणजे आडनाव सोडून उरलेलं सगळं नाव. मधल्या नावाची वेगळी ओळ भारतीय पासपोर्टवर नसते. आपल्याकडच्या मुलांचा गोंधळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो, कारण आपण नाव तीन तुकड्यांत सांगतो: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. तीन तुकडे दोन ओळींत कसे बसवायचे, हे पासपोर्ट काढताना ज्याने त्याने आपापल्या समजुतीने ठरवलेलं असतं. कुणाच्या Given Name(s) मध्ये वडिलांचं नाव असतं, कुणाच्या नसतं. एकाच घरात भावाच्या पासपोर्टवर आहे आणि बहिणीच्या नाही, असंही मी पाहिलं आहे.

उदाहरणासाठी एक काल्पनिक मुलगी घेऊ, ऋतुजा संजय पाटील. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव आहे PATIL RUTUJA SANJAY, कारण राज्य मंडळ आडनाव आधी छापतं. आधारवर आहे Rutuja Sanjay Patil. कॉलेजच्या ओळखपत्रावर आहे Rutuja S. Patil. पासपोर्टवर Surname पुढे PATIL आणि Given Name(s) पुढे RUTUJA SANJAY. चारही कागद तिचेच आणि चारही खरे. अर्जात मात्र चौथ्या कागदावरचंच नाव जाईल. आडनावाच्या रकान्यात Patil, पहिल्या नावाच्या रकान्यात Rutuja Sanjay. यातला Sanjay गाळायचा नाही, S. करायचा नाही आणि आडनावाकडेही सरकवायचा नाही.

वडिलांचं नाव तिच्या पासपोर्टवरच्या नावात नसतं, तर अर्जातही ते घालायचं नव्हतं. अनेक पासपोर्टच्या शेवटच्या भागात वडिलांचं आणि आईचं नाव वेगळं छापलेलं असतं. ते पाहून काही जण ते नावात जोडतात. ती पालकांची माहिती आहे, आपल्या नावाचा भाग नाही.

नाव नेमकं कुठे तुटतं याची शंका राहिली, तर फोटोच्या पानाच्या तळाशी बघा. तिथे बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या दोन लांब ओळी असतात. यंत्राने वाचण्यासाठी त्या छापतात. विमानतळावर अधिकारी पासपोर्ट यंत्राखाली धरतो, तेव्हा याच ओळी वाचल्या जातात. प्रत्येक ओळीत ४४ जागा असतात. ऋतुजाच्या पासपोर्टवर त्या साधारण अशा सुरू होतील:

```
P<INDPATIL<<RUTUJA<SANJAY<<<<<<<<<<<<<<<<<<<
A1234567<6IND0307145F3209228
```

पहिल्या ओळीत P म्हणजे पासपोर्ट आणि IND म्हणजे भारत. त्यानंतर आडनाव, मग लागोपाठ दोन खुणा, आणि पुढे बाकीचं नाव. दोन खुणांच्या आधीचं सगळं आडनाव आणि नंतरचं सगळं Given Name(s), एवढं लक्षात ठेवलं की पुरे. एकेरी खूण म्हणजे नुसती मोकळी जागा. नाव फार लांब असेल तर या ओळीत ते कापलेलं असू शकतं, कारण नावासाठी ३९ जागाच उरतात. म्हणून नावाची फोड या ओळीवरून समजून घ्या, पण स्पेलिंग वरच्या छापील नावावरूनच उतरवा.

स्पेलिंगबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. मराठी नावं रोमन लिपीत लिहिताना प्रत्येकाची सवय वेगळी असते. Rutuja आणि Rituja, Sawant आणि Savant, Gaikwad आणि Gaikawad, Dnyaneshwar आणि Gyaneshwar. दुकानातला मुलगा टाइप करत असेल, तर तो स्वतःच्या सवयीचं स्पेलिंग लिहितो. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, त्याची बोटंच तशी चालतात. त्याला नाव तोंडी सांगू नका. पासपोर्ट त्याच्यासमोर उघडा ठेवा आणि टाइप झाल्यावर एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. Sanjay चं पासपोर्टवर Sanjayrao असेल, तर rao राहिलाच पाहिजे. दोन शब्दांत मोकळी जागा असेल तर तीही तशीच ठेवायची.

आणि पासपोर्टवरच स्पेलिंग चुकलेलं असेल तर? समजा, घरचे सगळे Rutuja लिहितात आणि पासपोर्टवर Rutja छापलं गेलं आहे. मग दोनच मार्ग उरतात. एकतर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या आणि नंतर परीक्षेचा अर्ज भरा. नाहीतर Rutja हेच नाव धरून अर्ज, परीक्षा, प्रवेश आणि व्हिसा सगळं पार पाडा. पासपोर्ट चुकीचा आहे म्हणून अर्जात ‘बरोबर’ नाव लिहायचं, हा तिसरा मार्ग अनेकांना सुचतो आणि नेमका तोच दारात अडकवतो. केंद्रावरचा माणूस दोन कागद शेजारी ठेवून बघतो. आपलं खरं नाव काय, हे ठरवायचा अधिकार त्याला नसतो.

यानंतर नंबर. अर्जात आधी ओळखपत्राचा प्रकार विचारतात. त्या यादीत Passport निवडा. National ID निवडून पुढे आधारचे बारा आकडे भरणारेही भेटतात, कारण आपल्याला ‘ओळखपत्र’ म्हटलं की आधारच आठवतं.

भारतीय पासपोर्टचा नंबर एक रोमन अक्षर आणि पुढे सात आकडे असा आठ जागांचा असतो. ही बांधणी लक्षात ठेवली की बऱ्याच चुका आपोआप पकडता येतात. पहिल्या जागी आकडा दिसला, तर काहीतरी चुकलं आहे. पुढच्या सात जागांत गोल चिन्ह दिसलं, तर ते शून्यच असणार, O नव्हे. आणि मोजल्यावर आठापेक्षा जास्त जागा भरल्या, तर आपण भलताच नंबर उतरवला आहे.

भलते नंबर पासपोर्टमध्ये बरेच आहेत, म्हणूनच ही चूक इतकी होते. शेवटच्या बाजूला File No. नावाचा लांबलचक नंबर असतो. तो आपल्या पासपोर्टच्या अर्जाचा, म्हणजे कार्यालयाच्या फायलीचा नंबर आहे. तिथेच नूतनीकरण केलेल्या पासपोर्टवर जुन्या पासपोर्टचा नंबरही छापलेला असतो. हा जास्त फसवा, कारण त्याचीही बांधणी एक अक्षर आणि सात आकडे अशीच असते. आठ मोजून तो पकडता येत नाही. म्हणून नंबर शेवटच्या पानावरून घ्यायचाच नाही. तो फोटोच्या पानावर वर उजवीकडे, Passport No. या शब्दांखाली असतो, तिथूनच घ्यायचा.

काही जण नंबर तळाच्या दुसऱ्या ओळीवरून उतरवतात. ऋतुजाच्या उदाहरणात तिथे A1234567<6 असं दिसतं. बाणाची खूण फक्त रिकामी जागा भरण्यासाठी आहे, कारण यंत्राच्या ओळीत नंबरासाठी नऊ जागा राखलेल्या असतात आणि आपला नंबर आठांचा. पुढचा 6 हा पडताळणीचा आकडा आहे. नंबरातल्या चिन्हांना ठरावीक क्रमाने ७, ३ आणि १ ने गुणून, बेरजेचा शेवटचा आकडा तिथे छापतात, म्हणजे वाचताना यंत्राची चूक झाली तर लगेच कळते. हा 6 नंबराला चिकटवून A12345676 लिहिलं, की नऊ जागांचा, अस्तित्वातच नसलेला नंबर तयार होतो.

त्याच ओळीत पुढे 030714 आहे, ती जन्मतारीख. यंत्रासाठी वर्ष, महिना, दिवस असा उलटा क्रम असतो, म्हणून १४ जुलै २००३ ची 030714 होते. अर्जात तारीख टाइप न करता कॅलेंडरमधून निवडा, म्हणजे दिवस आणि महिना उलटे होणार नाहीत. मुदत संपण्याची तारीख भरताना Date of Issue आणि Date of Expiry या शेजारच्या दोन तारखांची अदलाबदल करू नका.

टाइप करताना आणखी एक धोका ब्राउझरचा आहे. एकदा भरलेली माहिती तो लक्षात ठेवतो आणि रकान्यावर बोट ठेवताच जुनी माहिती पुढे करतो. घरात मोठ्या भावाने आधी अर्ज भरला असेल, तर त्याचा पासपोर्ट नंबर बहिणीच्या अर्जात जाऊन बसतो. दुकानातल्या संगणकावर तर अनोळखी माणसाचाही. नंबर प्रत्येक वेळी हातानेच टाइप करा.

खातं स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइलवर उघडा, अर्ज दुसरा कुणी भरत असला तरी. एजंटच्या ईमेलवर खातं असेल, तर पुष्टीचा मेल त्याच्याकडे जातो आणि त्यातली चूक आपल्याला परीक्षेच्या दिवशी दिसते. पासपोर्टची प्रत अपलोड करताना चारही कोपरे दिसतील आणि तळाच्या दोन्ही ओळी वाचता येतील, अशी रंगीत प्रत द्या. ट्यूबलाइटची चमक नेमकी नंबरावर पडते, म्हणून दिवसा खिडकीजवळ फोटो काढलेला बरा.

पैसे भरण्याआधी शेवटचं पडताळणीचं पान येतं. इथे मी एकच गोष्ट आवर्जून करायला सांगते. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात पासपोर्ट द्या, आणि आपण पडद्यावरचं नाव आणि नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचा. समोरच्याने पासपोर्टमध्ये बघत ‘हो’ म्हणायचं. आपण स्वतःच लिहिलेलं नाव वाचतो तेव्हा डोळे अक्षरांवरून घसरतात, आपल्याला जे अपेक्षित आहे तेच दिसतं. आईला किंवा आजोबांना इंग्रजी येत नसलं, तरी अक्षरं जुळवता येतात, तेवढं पुरेसं आहे.

पुष्टीचा मेल आला की त्याच रात्री तो पुन्हा जुळवा. चूक सापडली, तर नवा अर्ज भरायची घाई करू नका, त्यात दुसऱ्यांदा फी जाते. बुकिंगचा संदर्भ क्रमांक, काय छापलं आहे, काय हवं आहे, आणि पासपोर्टची प्रत, एवढं घालून परीक्षा केंद्राला किंवा आयडीपीच्या मदत कक्षाला मेल करा. फोन केला असेल तरीही मेल करा, लेखी उत्तर हातात असलं पाहिजे. परीक्षेला जितके दिवस बाकी, तितकी दुरुस्ती सोपी. आदल्या संध्याकाळी फारसं काही होत नाही. टोफेल किंवा पीटीई देणाऱ्यांनी तर खातं उघडतानाच सावध राहावं. तिथे खात्यावरचं नावच परीक्षेला लागतं आणि ते नंतर आपलं आपल्याला बदलता येत नाही. ज्या अर्जात मधल्या नावाचा ऐच्छिक रकाना असतो, तिथे तो मी रिकामा ठेवायला सांगते आणि पासपोर्टचं पूर्ण Given Name(s) पहिल्या नावाच्या रकान्यातच घालायला सांगते.

आता तीन अवघड प्रकरणं.

पहिलं, लग्न झालेल्या मुलींचं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा. परीक्षेचा अर्ज माहेरच्याच नावाने जाईल, कारण पासपोर्ट तसा आहे. पासपोर्टवर सासरचं नाव घ्यायचं असेल तर अर्जाच्या आधी घ्या, नाहीतर व्हिसाचं सगळं काम आटोपल्यावर. मधल्या काळात बदललं, तर निकाल एका नावाचा आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा होतो. मग प्रत्येक टेबलावर लग्नाचा दाखला आणि जुना पासपोर्ट दाखवत बसावं लागतं.

दुसरं, ज्यांच्या पासपोर्टवर Surname ची ओळ रिकामी आहे त्यांचं. पूर्ण नाव Given Name(s) मध्येच छापलेलं असतं. अर्जाला मात्र आडनावाचा रकाना भरलेला हवा असतो. इथे मनाने नाव तोडून शेवटचा शब्द आडनावात टाकू नका. बुकिंगआधी परीक्षा संस्थेला मेल करून विचारा आणि त्या उत्तराप्रमाणेच भरा. हाताशी वेळ असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी पासपोर्टवर आडनाव वेगळं करून घ्या. ही अडचण परीक्षेपुरती नाही. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात अशा माणसाचं सगळं नाव आडनावात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी FNU लिहावं लागतं. पुढे ते FNU कॉलेजच्या नोंदीतही उतरतं.

तिसरं, अर्ज आणि परीक्षा यांच्यामध्ये पासपोर्टचं नूतनीकरण करणाऱ्यांचं. पासपोर्ट नव्याने निघाला की नंबरही नवा मिळतो. जुना रद्द होतो. अर्जात जुना नंबर आणि हातात नवा पासपोर्ट, अशी स्थिती होते. मुदत जवळ आली असेल, तर आधी नूतनीकरण करा, नवी पुस्तिका हातात येऊ द्या, मगच परीक्षेची तारीख घ्या. त्यासाठी पासपोर्ट सेवा केंद्रात जावं लागतं आणि पोलीस पडताळणी लागली तर आपल्याकडे ती मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडून होते. त्यात किती दिवस जातील हे आपल्या हातात नसतं, म्हणून परीक्षेची तारीख त्यावर अंदाजाने बांधू नका. अर्ज आधीच भरून झाला असेल, तर नवा पासपोर्ट येताच त्याची प्रत केंद्राला पाठवून नंबर बदलून घ्या, आणि परीक्षेला जाताना जुना पासपोर्टही सोबत ठेवा.

परीक्षेच्या दिवशी अर्जात लिहिलेला तोच मूळ पासपोर्ट न्यायचा. केंद्रावर तो तपासतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. संगणकावरच्या परीक्षेत सुरुवातीला पडद्यावर आपलं नाव, जन्मतारीख आणि उमेदवार क्रमांक दिसतो आणि खाली My details are correct असं बटण असतं. घबराटीत सगळे ते पटकन दाबून मोकळे होतात. दाबण्याआधी वाचा. काही चुकलेलं दिसलं तर हात वर करून पर्यवेक्षकाला तिथेच सांगा. परीक्षा संपल्यावर सांगण्यापेक्षा या घडीला सांगणं कितीतरी सोपं असतं.

निकालपत्र आलं की गुण पाहून झाल्यावर लगेच त्याचा वरचा भाग वाचा. तिथे Family Name, First Name(s) आणि Candidate ID असे रकाने असतात. हा Candidate ID म्हणजे आपण अर्जात भरलेला पासपोर्ट नंबरच. विद्यापीठ आणि व्हिसा अधिकारी याच ओळी आपल्या पासपोर्टशी ताडून बघतात. चूक दिसली तर निकाल कुठेही पाठवण्याआधी केंद्राला कळवा. निकाल साधारण दोन वर्षं ग्राह्य धरतात, तेव्हा त्या काळात पासपोर्टचं नूतनीकरण झालं तर रद्द झालेली जुनी पुस्तिका टाकून देऊ नका. निकालपत्रावरचा जुना नंबर आणि नव्या पासपोर्टच्या शेवटच्या भागात छापलेला जुना नंबर एकच आहे, हे दाखवलं की दोन्ही कागद एकाच माणसाचे असल्याचं सिद्ध होतं.